फोटोचा काळ सांगते ते सुनेचे पोलके

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घराच्या माळ्यावर पणजोबांच्या कुटुंबाचा हा स्टुडिओत काढलेला फोटो सापडला. मागे ना सन आहे ना नावे. पणजोबांचा फेटा आणि मागचा रंगवलेला पडदा पाहून काका म्हणतात, फोटो १९१५ च्या सुमाराचा असणार. हे पटण्यासारखे आहे का?

उत्तर : माझ्या मते फोटो त्यानंतर किमान वीस वर्षांनी काढलेला आहे. काकांनी आधार म्हणून घेतलेल्या फेटा आणि पडदा या दोन्ही गोष्टी फार काळ टिकणाऱ्या आहेत. तरुणपणी अंगवळणी पडलेला पोशाख माणूस उतारवयातही सहसा सोडत नाही, त्यामुळे पणजोबांचा फेटा आणि बंद गळ्याचा लांब कोट, तसेच पणजीबाईंचे नऊवारी आणि पुढे गाठ मारलेली चोळी, हे सारे १९१५ इतकेच १९४५ सालीही शोभले असते. म्हणून काळ ठरवताना प्रथम विशी-पंचविशीतल्या माणसांकडे पाहावे, कारण नवी चाल घरात त्यांच्या अंगावरच आधी येते.

उजवीकडे खुर्चीवर बसलेल्या सुनेकडे पाहा. तिच्या निऱ्या समोरून सरळ पावलांपर्यंत आल्या आहेत आणि कासोटा नाही, म्हणजे लुगडे सहावारी आहे. पोलक्याची बाही खांद्यापाशी चुण्या घालून फुगवलेली असून कोपराच्या वर संपते. अशी फुग्याची बाही साधारण १९३५ ते १९४५ या दशकात शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांतल्या तरुणींमध्ये दिसते. त्याआधीच्या पिढीच्या स्टुडिओ-फोटोंत सधन घरच्या बायकांच्या अंगावर लांब बाह्यांची, गळाबंद आणि लेस लावलेली पोलकी आढळतात. डोक्यावरचा पदर किंचित मागे सरकल्यामुळे तिचा भांगही दिसतो आणि तो बाजूला पाडलेला आहे, तर सासूबाईंचा मधोमध आहे. एकाच फोटोतला हा फरक मला सर्वांत बोलका वाटतो.

मागे उभ्या असलेल्या तरुणाचे डोके उघडे आहे आणि केस तेल लावून मागे वळवलेले आहेत. वडीलधाऱ्यांसोबत फोटोला उभे राहताना १९१५ च्या सुमारास अशा घरातल्या मुलाने निदान काळी टोपी तरी घातली असती. त्याच्या रुंद कॉलरच्या कोटावर मात्र मी भर देणार नाही. खांद्याची शिवण दंडावर उतरली आहे आणि बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या आहेत. गिऱ्हाइकांसाठी स्टुडिओत कोट ठेवलेले असत, तशांपैकी तो असावा.

आपण पणजीबाईंचे लुगडे काळे असल्याचे धरून चालू नका. त्या काळी स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या, फोटो उमटवणाऱ्या बऱ्याच काचांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लाल वस्त्र फोटोत काळे आणि निळे वस्त्र फिकट उमटे. सुनेचे कुंकूही इथे डांबरासारखे काळे दिसते, हा त्याचाच पुरावा आहे.

आता पडदा. खांब, कठडा आणि पलीकडे तळे अशी चित्रे रंगवण्याचा हात कोल्हापुरात चांगलाच बसलेला होता. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी नाटकांचे पडदे रंगवले, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून कोणताही सुंदर पडदा त्यांच्या नावावर खपवण्याचा मोह इथे फार होतो, पण सहीशिवाय तसे म्हणू नये. एक पडदा स्टुडिओत वीस-पंचवीस वर्षे सहज चाले, तेव्हा चित्राच्या शैलीपेक्षा पडद्याची झीज उपयोगी पडते. आपल्या पडद्यावर कठड्याच्या डावीकडे गुंडाळण्यामुळे पडलेली आडवी भेग आहे आणि खालच्या कडेला ठिगळ दिसते. नातेवाइकांकडे याच पडद्यासमोर काढलेला आणि सन माहीत असलेला एखादा लग्नाचा फोटो मिळाला, तर त्यात ती भेग आहे की नाही ते भिंगाने पाहा. नसेल, तर आपला फोटो त्यानंतरचा आहे.

एवढ्यावरून मी १९३६ ते १९४४ हा पट्टा धरतो. तो आणखी अरुंद करण्याची किल्ली सुनेच्या मांडीवरचे मूल आहे. ते आधाराशिवाय बसले आहे आणि जावळ काढल्यानंतरचे केस कानापर्यंत वाढले आहेत, म्हणजे वय दीड-दोन वर्षांचे असावे. ते मूल कोण हे घरात ठरले की त्याचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा. मात्र त्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर ती मास्तरांनी शाळाप्रवेशासाठी घातलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा सालात एक-दोन वर्षांची सूट ठेवा.

शेवटी कागद तपासा. आपल्याकडचा फोटो मूळ प्रत नसून जुन्या फोटोचा पुन्हा काढलेला फोटो असेल, तर कागद पुढच्या काळातला निघेल. तशा प्रतीत चेहऱ्यांच्या कडा मऊ होतात आणि मूळ फोटोवरचे ओरखडे, घड्या किंवा टाचण्यांच्या सावल्या छापून येतात, पण बोट फिरवले तर पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. हे करताना फोटोच्या चित्राला नव्हे, पांढऱ्या कडेलाच बोट लावा आणि घडी जर कडेपर्यंत आली असेल, तर तिथेच तपासा.