देशी कुत्रीचा महापालिकेचा परवाना: लशीचं कार्ड अर्धवट असेल तर काय करायचं?

*प्रश्न: बाणेरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. रस्त्यावरून आणलेली देशी कुत्री आहे, साधारण दीड वर्षाची. सोसायटीच्या कमिटीने महापालिकेचा परवाना मागितलाय. लशीचं कार्ड आहे, पण त्यावर सगळं नीट लिहिलेलं नाही. परवाना मिळेल का? दरवर्षी काय करावं लागतं?*

मिळेल. कुत्री देशी आहे किंवा तिचे जन्माचे कागद नाहीत, यामुळे काही अडत नाही. जातीच्या ठिकाणी 'देशी' लिहायचं. वयाच्या ठिकाणी पशुवैद्यांनी दात बघून सांगितलेलं अंदाजे वय चालतं. भाडेकरू असणंही आड येत नाही, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार देता येतो. खरं काम आहे ते कार्डाचं.

परवान्यासाठी लागतो तो रेबीजच्या लशीचा पुरावा. कार्डावर 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' लिहिलेलं असतं आणि पुष्कळांना वाटतं, यात सगळं आलं. त्या लशी डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो वगैरे दुसऱ्या आजारांसाठी असतात. रेबीजची लस साधारणपणे वेगळी टोचतात आणि कार्डावर तिची वेगळी ओळ असते. त्यामुळे आधी ती ओळ शोधा. त्या ओळीत टोचल्याची तारीख, पुढच्या डोसची तारीख, लशीच्या कुपीवरून काढून चिकटवलेलं बॅच नंबरचं लेबल, पशुवैद्यांची सही, शिक्का आणि त्यांचा नोंदणी क्रमांक असायला हवा. हा क्रमांक राज्य पशुवैद्यक परिषदेचा असतो. बहुतेक कार्डांत तोच लिहायचा राहिलेला असतो. दवाखान्यातल्या मदतनिसाने किंवा घरी येऊन टोचणाऱ्या माणसाने नुसती सही केली असेल, तर तो पुरावा धरला जात नाही.

काय राहिलंय त्यावर पुढचं ठरतं. नोंदणी क्रमांक किंवा शिक्काच नसेल, तर त्याच दवाखान्यात जा. त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, त्यावरून ते लेटरहेडवर प्रमाणपत्र देतात. त्यात तुमचं नाव, कुत्रीचं नाव, रंग, खुणा, लशीचं नाव, बॅच आणि दोन्ही तारखा येऊ द्या. पण लस नक्की रेबीजचीच होती का, हेच कळत नसेल किंवा दवाखाना बंद झाला असेल, तर जुनं शोधत बसू नका, नवा डोस देऊन टाका. आधीची लस झालेली असली तरी निरोगी कुत्रीला आणखी एका डोसाने अपाय होत नाही, आणि तारखांचा हिशोब स्वच्छपणे नव्याने सुरू होतो. पहिलाच डोस धरायचा झाला तर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर द्यायचा का, ते पशुवैद्यांना विचारा, बरेच जण देतात.

तुमच्या कुत्रीच्या कानाला खाच असेल, तर नसबंदीच्या मोहिमेत तिला रेबीजची लसही मिळालेली असणार. पण खाच हा कागद नव्हे. लस कधीची, पुढचा डोस कधी, हे खाचेवरून कळत नाही. त्यामुळे परवान्यासाठी खाचेचा उपयोग नाही.

मागची तारीख घालून कार्ड भरून देणारे भेटतात. कृपया तसं करू नका. उद्या तिचा कुणाला दात लागला, तर ज्याला चावली त्याचे उपचार ताबडतोब सुरू होतात आणि कुत्रीवर दहा दिवस नजर ठेवतात. त्या दहा दिवसांत सगळे हेच कार्ड बघत असतात. त्यावरची तारीख खोटी असेल, तर ज्याला लागलंय त्याच्या जिवाशी तो खेळ होतो. मला यात तडजोड मान्यच नाही.

आता तारखांचं उदाहरण घेऊ. समजा, मागची लस 12 ऑगस्टला झाली होती, म्हणजे पुढची येत्या 12 ऑगस्टला. तुम्ही 5 जुलैला अर्ज केलात. लस चालू आहे, त्यामुळे परवाना निघेल, पण सव्वा महिन्यात लस संपेल आणि परवाना चालूच राहील. कमिटीने ऑक्टोबरमध्ये दोन्ही कागद मागितले, तर परवाना वैध आणि लस संपलेली, असं दिसेल. त्यापेक्षा जुलैच्या सुरुवातीला पशुवैद्यांना विचारून बूस्टर थोडा आधीच देऊन घ्या आणि त्याच आठवड्यात अर्ज करा. परवान्याचं वर्ष कधी संपतं ते परवान्यावर छापलेलं असतं, ते एकदा बघून ठेवा. वर्ष मार्चअखेर संपत असेल, तर पुढच्या वर्षी लसही हळूहळू फेब्रुवारी-मार्चकडे सरकवता येते. मात्र सरकवायची ती अलीकडे. उशीर करून जुळवायची नाही.

अर्ज करण्यापूर्वी घर कुठल्या हद्दीत येतं ते बघा. बाणेर पुणे महापालिकेत आहे, पण नदीपलीकडे वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, आणि कॅन्टोन्मेंटचा कारभार वेगळा. मिळकतकराचं बिल ज्यांचं, परवाना त्यांचा. पुण्यात अर्ज महापालिकेच्या संकेतस्थळावरून करता येतो. कुत्रीचा फोटो, तुमचं ओळखपत्र, भाडेकरार आणि रेबीजचं प्रमाणपत्र तयार ठेवा. फोटो बाजूने, पूर्ण अंग दिसेल असा काढा, कारण देशी कुत्र्यांत ओळख पटते ती अंगावरच्या ठिपक्यांवरून आणि पायांच्या रंगावरून. एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या: कार्डावरचं मालकाचं नाव आणि अर्जदाराचं नाव एकच हवं. कार्ड भावाच्या नावाने आणि अर्ज तुमच्या नावाने, यावर अर्ज परत येतो. पशुवैद्य नाव दुरुस्त करून सही-शिक्का देतात.

फी किरकोळ असते, मी पुण्यात भरली ती रक्कम दोन आकडीच होती. इतर शहरांत ती वेगळी असू शकते, पण बहुतेक ठिकाणी रीत तीच: फी वर्षाची, आणि भरली की परवाना एका वर्षाचा. नूतनीकरणाला पुन्हा पहिल्यापासून अर्ज करू नका. जुन्या परवान्याचा क्रमांक आणि नव्या लशीचं प्रमाणपत्र जोडा, नाहीतर एकाच कुत्रीच्या दोन नोंदी होतात. घर बदलून दुसऱ्या हद्दीत गेलात तर तिथे नवा परवाना काढावा लागतो. परवान्यासोबत बिल्ला मिळाला तर तो पट्ट्यालाच अडकवा. घरात डब्यात ठेवलेल्या बिल्ल्यावरून रस्त्यात कुत्री कुणाची ते कळत नाही. बिल्ला मिळाला नाही, तर पट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरून घ्या.

कमिटीबद्दल: परवाना मागणं रास्त आहे, कारण महापालिका हद्दीत पाळीव कुत्र्याची नोंद करणं बंधनकारक आहे. पण परवाना दाखवल्यावरही 'भाडेकरूंना कुत्रा चालणार नाही' किंवा 'लिफ्ट वापरायची नाही' असं म्हणू लागले, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना त्यांच्यापुढे ठेवा. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. घरमालकाचा प्रश्न मात्र वेगळा. भाडेकरारात प्राणी न पाळण्याची अट असेल, तर परवाना काढण्याआधी त्यांच्याशी बोलून लेखी संमती घ्या.