मीटरचा काटा हलला नाही, तरी वेग बदलला

प्रश्न: बातमीत ‘ताशी 80 किमी वेगाने आलेली गाडी’ असं वाचतो आणि मुलीच्या पुस्तकात मात्र चाल वेगळी, वेग वेगळा. नक्की काय बरोबर?

बोलताना आपण ‘वेग’ म्हणतो तेव्हा गाडी किती जोरात चाललीय एवढंच सांगायचं असतं. भौतिकशास्त्रात त्याला चाल म्हणतात. ‘ताशी 80 किमी’ ही चाल झाली. ‘ताशी 80 किमी, उत्तरेकडे’ हा वेग. मुलीला एवढं पक्कं सांगा, की वेग विचारला असेल आणि उत्तरात दिशा नसेल, तर ते उत्तर अर्धवट आहे.

प्रश्न: सकाळी कामावर जातो, संध्याकाळी घरी येतो. सर म्हणतात, दिवसभराचा सरासरी वेग शून्य. मग पेट्रोल कशात गेलं?

पेट्रोल रस्ता कापण्यात गेलं, आणि सरासरी वेग काढताना कापलेला रस्ता मोजतच नाहीत. निघालो तिथून आता सरळ रेषेत किती लांब आणि कोणत्या दिशेला आहोत, एवढंच पाहतात. त्याला विस्थापन म्हणतात. संध्याकाळी तुम्ही पुन्हा घराच्या दारात उभे असता, म्हणजे विस्थापन शून्य आणि सरासरी वेगही शून्य.

शून्यामुळे हे हिशेबातली पळवाट असल्यासारखं वाटतं, म्हणून नेरळहून माथेरानला जाणारी मिनी ट्रेन घ्या. रूळ सुमारे 21 किमीचे आहेत. गाडी डोंगर चढते ती वळणं घेत घेत, कारण रेल्वेला सरळ उभा चढ झेपत नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं, तर माथेरान नेरळच्या नैर्ऋत्येला जेमतेम 7 किमीवर आहे. प्रवासाला अडीच तास धरले, तर सरासरी चाल 21 भागिले 2.5, म्हणजे ताशी 8.4 किमी. सरासरी वेग 7 भागिले 2.5, म्हणजे ताशी 2.8 किमी, नैर्ऋत्येकडे. गाडी तीच आणि वेळही तीच, तरी एक आकडा दुसऱ्याच्या तिप्पट. रुळांनी घेतलेली सगळी वळणं त्या तिपटीत आहेत. (गाडी साधारण पाऊण किलोमीटर वरही चढते, पण ती उंची धरली तरी सरळ अंतरात फारसा फरक पडत नाही.)

प्रश्न: सरासरी वेगाचा आकडा सरासरी चालीपेक्षा मोठा येऊ शकतो का?

नाही. दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेपेक्षा लहान वाट नसते. वहीत तसं उत्तर दिसलं, तर बहुधा अंतर आणि विस्थापन यांची अदलाबदल झालेली असते.

प्रश्न: घाटात वळणावर मीटरचा काटा 36 वरच होता. मग वेग बदलला असं कसं म्हणता?

मीटर चाल दाखवतो. गाडीचं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही. तुमच्या अंगाला मात्र कळतं: उजव्या वळणावर आपण डावीकडे कलतो, सीटवरचा डबा सरकतो.

वेग किती बदलला, हे कागदावर मोजता येतं. ताशी 36 किमी म्हणजे सेकंदाला 10 मीटर. गाडी उत्तरेला जात होती आणि काटकोनात वळून पूर्वेला लागली, असं धरा. एका ठिपक्यापासून 10 सेंमीचा बाण वर काढा, त्याच ठिपक्यापासून 10 सेंमीचा दुसरा उजवीकडे. आता पहिल्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढा. ती 14 सेंमीहून किंचित जास्त भरेल आणि तिरकी खाली उजवीकडे जाईल. वेगातला बदल तोच: सेकंदाला सुमारे 14 मीटर, आग्नेयेकडे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला.

मला यातली खरी मोलाची वाटते ती गोष्ट पुढे आहे. हीच गाडी सरळ रस्त्यावर ब्रेक लावून पूर्ण थांबवली असती, तर वेगातला बदल 10 चाच असता. म्हणजे वळायला आणि थांबायला सारखेच 4 सेकंद लागले, तर वळताना रस्त्याला टायरवर सरासरीने जास्त जोर लावावा लागतो, आणि तोही काटा जागचा न हलता. हा जोर टायरच्या पकडीतूनच येतो. ब्रेकलाही तीच पकड लागते. भर वळणात जोरात ब्रेक दाबला, की एकाच पकडीकडून दोन्ही कामं मागितली जातात. पावसात ती आधीच कमी झालेली असते, म्हणून टायर घसरतो आणि गाडी वळणाबाहेर जाते. चाल कमी करायची ती वळणाच्या अलीकडे, चाकं अजून सरळ असताना.