शिक्षकाने टीम लीडला पाठवायची दोन ओळींची ओळख

प्रश्न: मी नऊ वर्षं शाळेत गणित शिकवते आणि आता डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये जायचंय. टीम लीडला दोनच ओळींत स्वतःची ओळख कशी लिहू?

उत्तर: मी एका अ‍ॅनालिटिक्स टीमचं काम पाहतो, त्यामुळे असे मेसेज नेहमी वाचतो. बहुतेकांत 'डेटाची आवड आहे, एक्सेल, एसक्यूएल, पॉवर बीआय शिकले आहे' एवढंच असतं. त्यावरून पुढे काय विचारावं हेच मला सुचत नाही. तुम्ही आकड्यांवरून एखादा निर्णय घेतला असेल तर तो पहिल्या ओळीत यायला हवा, आणि शिक्षकाकडे असे निर्णय भरपूर असतात.

समजा, तुम्ही चाचणीची प्रश्नवार उत्तरं तपासली आहेत. मग असं लिहा (आकडे अर्थात तुमचे घाला):

'नमस्कार, मी नऊ वर्षं गणित शिकवते. १२६ मुलांच्या चाचणीत शेकडेवारीचा एक प्रश्न ५८ जणांचा चुकला, त्यातल्या ४१ जणांनी एकच चुकीचा पर्याय निवडल्याचं एसक्यूएलने तपासताना दिसलं, म्हणून तो भाग मी नव्याने शिकवला. तुमच्या टीममधल्या ज्युनिअर अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज केला आहे. क्वेरी आणि नावं काढलेला डेटा सोबतच्या लिंकवर आहे, या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलता येईल का?'

यात माझी नजर ४१ वर थांबते. चुकीचे पर्याय तीन असतील आणि मुलांनी अंदाजाने खुणा केल्या असतील, तर प्रत्येक चुकीच्या पर्यायाच्या वाट्याला साधारण १९ यायला हवेत. ४१ जण एकाच ठिकाणी गेले म्हणजे त्यांचा गैरसमज बहुधा सारखाच होता. नुसत्या सरासरीत हे कधीच दिसलं नसतं, आणि तुम्ही सरासरीच्या पलीकडे पाहता हे मला न सांगता कळतं.

'माझ्या शिकवण्यामुळे सरासरी ५२ वरून ६८ झाली' हे वाक्य मात्र टाळा. ते भारदस्त वाटतं, पण अ‍ॅनालिस्ट लगेच विचारतो: दुसरी चाचणी सोपी होती का? कच्ची मुलं त्या दिवशी गैरहजर होती का? पुन्हा न शिकवलेल्या तुकडीचं काय झालं? तुलनेला दुसरी तुकडी नसेल तर 'मुळे' हा शब्द टिकत नाही. काय दिसलं आणि त्यावर काय केलं, इतकंच लिहा.

दुसऱ्या ओळीत एकच मागणी ठेवा. 'काही संधी असल्यास कळवा' याला उत्तर देणं अवघड जातं, पंधरा मिनिटांना हो किंवा नाही म्हणता येतं.

लिंक देण्याआधी शाळेची परवानगी घ्या, कारण तो डेटा मुलांचा आहे. नावांबरोबर हजेरी क्रमांक आणि जन्मतारीखही काढा. परवानगी नाही मिळाली तर त्याच रचनेची बनावट उत्तरं तयार करून त्यांवर क्वेरी चालवून दाखवा, आणि डेटा बनावट असल्याचं फाइलच्या पहिल्याच ओळीत लिहा.