ट्रेल मेलच्या वर लिहायच्या चार ओळी

प्रिय,

त्या खोक्यांच्या बिलाचं काय झालं ते काल कळलं. तू ५ तारखेलाच मेल अकाउंट्सच्या ताईंना फॉरवर्ड केला होतास, म्हणजे वेळेत केला होतास. तरीही काम अडलं, कारण नऊ मेलच्या त्या लांबलचक साखळीवर तुझी एकच ओळ होती: ‘प्लीज सी ट्रेल मेल.’

ताईंच्या जागी बसून पाहा. फोनवर मेल आला, विषयात ‘Fwd: Re: Re: बॉक्स ऑर्डर’, आणि उघडल्यावर ती ओळ. त्यांना वाटलं, माहितीसाठी पाठवलाय, सवडीने वाचू. खरी गोष्ट सातव्या मेलमध्ये दडलेली होती. माल वेर्ण्याच्या गोदामात उतरला, पण बिलावर गोव्याचा ३० ने सुरू होणारा जीएसटी नंबर पडायच्या ऐवजी पुण्याचा २७ चा पडला. पुरवठादार बिल बदलून द्यायला तयार होता. मात्र ११ तारखेला त्याचं रिटर्न जाणार होतं, आणि त्याआधी त्याला ‘हो’ हवं होतं. ते कुणी दिलंच नाही. आता क्रेडिट नोट आणि नवं बिल असा फेरा घ्यावा लागेल.

तू साखळी पूर्ण वाचली होतीस. ताईंनीही ती पूर्ण वाचावी अशी अपेक्षा ठेवलीस, इथेच गडबड झाली. तुला वाचून जे कळलं, तेच त्यांना हवं होतं. मी असतो तर असं लिहिलं असतं:

विषय: ९ तारखेपर्यंत निर्णय हवा – खोक्यांचं बिल, गोव्याचा जीएसटी नंबर

‘ताई, बिल गोव्याच्या नंबरवर बदलून घ्यायचं का, हे ९ तारखेला दुपारी ४ पर्यंत मला कळवाल का? माल वेर्ण्याला उतरलाय, पण बिल पुण्याच्या नंबरवर निघालंय. पुरवठादार बदलून द्यायला तयार आहे. ११ तारखेला त्याचं रिटर्न जाईल, म्हणून घाई. मूळ बिल आणि डिलिव्हरी चलन पुन्हा जोडलंय. खालचा फक्त ४ तारखेचा मेल वाचलात तरी पुरे. त्यांना उत्तर मी देईन.’

प्रश्न सगळ्यात आधी आहे, कारण फोनवर मेल न उघडताच तेवढाच दिसतो. ‘लवकरात लवकर’ असं न म्हणता तारीख आणि वेळ दिली आहे, आणि ती पुरवठादाराच्या तारखेच्या दोन दिवस आधीची आहे, म्हणजे ताईंचा नकार आला तरी हाताशी वेळ उरतो. साखळीतला नेमका कुठला मेल वाचायचा तेही सांगितलंय, नाहीतर माणूस वरून सुरुवात करतो आणि तिसऱ्या ‘नोटेड’वर सोडून देतो.

शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष दे. फॉरवर्ड केलेल्या मेलला ताईंनी रिप्लाय केला, तर तो तुझ्याकडे येतो. मूळ पाठवणाऱ्याला तो पोचतच नाही. उत्तर कोण देणार हे लिहिलं नाही, तर त्यांना वाटतं ‘मी उत्तर दिलंय’, तुला वाटतं ‘त्या परस्पर कळवतील’, आणि पुरवठादार बिचारा वाट पाहत बसतो.

जोडलेल्या फायलींचंही तसंच. बिलाची पीडीएफ साखळीतल्या दुसऱ्या मेलला होती. मध्ये कुणी रिप्लाय केला की जोडलेली फाइल गळते, मजकूर तेवढा पुढे जातो. तू शेवटचा मेल फॉरवर्ड केलास, त्यामुळे ताईंकडे बिल गेलंच नव्हतं. म्हणून फाइल नेहमी पुन्हा जोड, आणि पाठवण्याआधी ती उघडून बघ.

एक गोष्ट माझ्या अनुभवातली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका पुरवठादाराला अख्खी साखळी पाठवली. तळाशी आमच्या साहेबांचं वाक्य होतं, ‘याच्याकडून अजून चार टक्के काढता येतील.’ त्या माणसाने मला फोन करून शांतपणे एवढंच विचारलं, ‘चार का, पाच का नाही?’ मला काय बोलावं ते सुचेना. तेव्हापासून मेल कंपनीबाहेर जाणार असेल तर मी तळापर्यंत वाचतो, आणि मनात जरा जरी शंका आली तर फॉरवर्ड न करता नवा मेल लिहितो.

आज ताईंना क्रेडिट नोटसाठी मेल टाक, तो याच पद्धतीने. पुरवठादाराला कळवताना मात्र ताईंच्या उत्तरावरून पुढे जाऊ नकोस. त्याचा ४ तारखेचा मेल शोध, त्यालाच रिप्लाय कर, म्हणजे आपली आतली चर्चा त्याच्या खाली लटकत जाणार नाही.

तुझा,
जुना सहकारी