आधी वाट विचार, मग लिव्हरचं नाव घे

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाईट वाटलं, दुसऱ्यांदा थोडा राग आला. रुग्णाच्या डोळ्यांत पिवळेपणा, एकूण बिलिरुबिन ३.१, हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह, सोनोग्राफीत लिव्हर आणि पित्तनलिका स्वच्छ. वरिष्ठ म्हणतात, 'लिव्हरचंच काहीतरी असणार, थांबू या.' तुझी मैत्रीण म्हणते, पेशी फुटत असतील. पण पेशींवर प्रतिपिंडं चिकटलीत का ते सांगणारी कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह आणि रक्तात नुकत्याच आलेल्या कोवळ्या पेशींचा आकडा, म्हणजे रेटिक काउंट, जेमतेम १.८ टक्के. दोघांचंही पटत नाही म्हणून तू मला लिहिलंस. पटलं नाही हे उत्तम झालं. राग याचा की सगळा कागद पाठवलास, पण लघवीच्या तपासणीबद्दल एक अक्षर नाही.

कावीळ पाहिली की आपण लगेच अवयवाचं नाव घेतो. मी पुन्हा पुन्हा सांगत आलोय आणि पुन्हा सांगतो: आधी वाट, मग अवयव. पिवळ्या रंगाचा मोठा भाग लिव्हरमध्ये तयार होत नाही. तो लिव्हरपर्यंत चालत येतो, तिथे त्याचं रूप बदलतं आणि तो पुढे जातो. तो कुठे जास्त झाला किंवा कुठे अडला, एवढंच शोधायचं असतं.

वाट तुला पाठ आहे, तरी आकड्यांसकट एकदा चाल. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की तिचं आवरण ताठरतं, प्लीहेच्या अरुंद फटींतून तिला वाकता येत नाही आणि मॅक्रोफेज तिला गिळतो. रोज सुमारे सहा ग्रॅम हिमोग्लोबिन असं मोडीत निघतं. त्यातलं ग्लोबिन अमिनो आम्लं होऊन परत वापरात जातं, लोह हाडांतल्या मज्जेकडे परततं. उरतं हीमचं कडं. एक एन्झाइम ते कडं एका जागी तोडतं, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि हिरवं बिलिव्हर्डिन मिळतं. दुसरं एन्झाइम त्याचं पिवळं बिलिरुबिन करतं. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग आधी हिरवट आणि मग पिवळा होतो ना, तो हाच कारखाना कातडीखाली चाललेला असतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमधून अंदाजे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन निघतं, म्हणजे म्हाताऱ्या पेशींमधून दिवसाला दोनशेच्या आसपास. एकूण उत्पादन मात्र २५० ते ३०० भरतं. वरची भर कुठून येते? थोडी लिव्हरमधल्या हीमवाल्या प्रथिनांतून, आणि थोडी मज्जेतून, ज्या पेशी रक्तात पोचण्याआधीच मेल्या त्यांच्यातून. हे वाक्य अधोरेखित कर. तुझ्या रुग्णाचं उत्तर त्यातच आहे.

हे कच्चं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. ते अल्ब्युमिनला चिकटून प्रवास करतं, आणि अल्ब्युमिन मूत्रपिंडाच्या चाळणीतून उतरत नाही, म्हणून कच्चा रंग लघवीत येत नाही. लिव्हरची पेशी त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडते. मग ते पाण्यात विरघळतं आणि एक पंप ते पित्तात ढकलतो. पुढे आतड्यातले जंतू त्याचं युरोबिलिनोजेन करतात, त्यातूनच मळाला रंग येतो आणि थोडा भाग परत शोषला जाऊन लघवीत उतरतो.

आता लिव्हर आजारी पडलं की काय होतं बघ. जोडण्याचं काम बरंच टिकून राहतं, पंप मात्र लवकर हात टेकतो. म्हणून हिपॅटायटिसमध्ये जोडलेलं बिलिरुबिन उलटं रक्तात सांडतं, डायरेक्टचा आकडा वर जातो आणि ते लघवीत उतरतं. लघवी गडद, फेससुद्धा पिवळा. नलिका बुजली तर तेच होतं, शिवाय मळ फिकट पडतो. म्हणून म्हणतो, लघवी बघ. पट्टीवर बिलिरुबिन निगेटिव्ह आलं तर तुमच्या रुग्णाचा रंग लिव्हरच्या अलीकडचा आहे, किंवा फार तर लिव्हरच्या दारात जोडणी कमी पडतेय. मात्र नमुना ताजा हवा. तासन् तास उजेडात ठेवलेल्या लघवीतलं बिलिरुबिन नाहीसं होतं आणि पट्टी खोटं बोलते. आणखी एक अपवाद लक्षात ठेव. कावीळ ओसरताना जोडलेल्या बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला कायमचा चिकटून बसतो. लघवी स्वच्छ झाली तरी डोळे दोन-तीन आठवडे पिवळे राहतात आणि डायरेक्टचा आकडा हट्टाने वर दिसतो. तो लिव्हर बिघडल्याचा पुरावा नसतो.

तू पाठवलेल्या कागदावर डायरेक्ट ०.५ आहे. ३.१ मधून ते वजा कर, कच्चं २.६. म्हणजे वाट लिव्हरच्या अलीकडे वळली. हे तुला दिसलं होतं, मग विश्वास का ठेवला नाहीस? लिव्हरचं म्हणून ओळखलं जाणारं एन्झाइम, एएसटी, ७४ आहे म्हणून ना? त्याच्या शेजारी एएलटी २६ लिहिलाय. एएसटी तांबड्या पेशींतही भरपूर असतो. एकटा एएसटी वाढला आणि एएलटी शांत असला तर पेशींकडे बोट दाखव, लिव्हरकडे नाही. एलडीएच २८०० आहे, तोही तेच ओरडून सांगतोय.

तुझ्या मैत्रिणीची वाट बरोबर होती, ठिकाण चुकलं. रक्तात पेशी फुटत असत्या तर मज्जा गप्प बसली नसती. सशक्त मज्जा उत्पादन सहा-आठ पट वाढवू शकते. तुझ्या रुग्णाचं हिमोग्लोबिन ६.४, हिमॅटोक्रिट १९. रेटिक १.८ टक्के नॉर्मल दिसतो, पण तो टक्का थोड्याच पेशींमधला आहे. १.८ ला १९ ने गुण आणि ४५ ने भाग, ०.७६ येतं. इतक्या अॅनिमियाला हे उत्तर म्हणजे जवळजवळ मौन. मग पेशी मरतायत कुठे? मज्जेतच. एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, १२१ इतकं मोठं असताना हा प्रश्न पडायलाच नको होता. बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की डीएनए नीट तयार होत नाही. पेशी फुगतात, हिमोग्लोबिन भरून घेतात, पण विभागता येत नाही आणि बाहेर पडण्याआधीच मरतात. मज्जेतले मॅक्रोफेज त्यांना तिथेच खातात, आणि त्या भरलेल्या हीमचं पुन्हा तेच होतं: हिरवं, मग पिवळं. कारखाना ओसंडून चाललाय, माल दारापर्यंत येत नाही आणि मोडीचा ढीग मात्र लिव्हरकडे जातोय. हॅप्टोग्लोबिनही यात खाली जातं, त्यामुळे पेशी रक्तात मोडतायत की मज्जेत, हा फरक त्यावरून कळत नाही. फरक रेटिक सांगतो. उलट मज्जा रिकामीच झाली असेल, काही बांधतच नसेल, तर मोडायलाही काही नसतं. तो रुग्ण पांढराफटक पडतो, पिवळा नाही.

हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं ते पुस्तकातून नव्हे. मी तुझ्याहून थोडा मोठा असताना अशाच एका बाईंना तीन आठवडे लिव्हरचा आजार म्हणून ठेवलं. एएसटी वाढलेला होता, मी एएलटी वाचलाच नाही. त्यांनी मला दोनदा सांगितलं की पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. मी म्हणालो, अशक्तपणा आहे. स्लाइड अखेर कुणीतरी दुसऱ्याने पाहिली: अंडाकृती मोठ्या पेशी, सहा-सात खंडांचे न्यूट्रोफिल. इंजेक्शनं सुरू झाल्यावर कावीळ गेली, रक्त सुधारलं, पायांची संवेदना पूर्ण परत आली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक काविळीची स्लाइड स्वतः बघतो आणि लघवीची पट्टी स्वतः बुडवतो. लोक हसतात, अहवाल उशिरा देतो म्हणून तक्रारी करतात. करू देत. त्या तीन आठवड्यांची भरपाई होत नाही, पण निदान तोच उशीर माझ्या हातून दुसऱ्या कुणाला होऊ नये. हा हट्ट आहे असं वाटत असेल तर वाटू दे.

तरी माझं ऐकून सगळ्या कच्च्या काविळींना मज्जेचं लेबल लावू नकोस. गिल्बर्टमध्ये जोडणारं एन्झाइम जन्मतः कमी असतं. उपाशी राहिलं, ताप आला की कच्चं बिलिरुबिन थोडं चढतं, पण हिमोग्लोबिन, रेटिक, एलडीएच सगळं शाबूत असतं. आणि आकडा किती चढलाय याकडेही लक्ष दे. निरोगी लिव्हर वाढीव माल बराच उचलतं, म्हणून नुसत्या पेशींच्या मोडीने बिलिरुबिन सहसा चार-पाचच्या वर जात नाही. बारा आलं तर वाटेत आणखी कुठेतरी अडथळा आहे, पुन्हा पहिल्यापासून चाल.

आता तुझ्या रुग्णाचं. बी-१२ आणि फोलेटसाठी रक्त उद्या सकाळीच काढ, इंजेक्शन किंवा रक्त चढवण्याच्या आधी. वरिष्ठांना पट्टी दाखव, वाद घालू नकोस. बी-१२ कळण्याआधी नुसतं फोलेट कुणाला सुरू करू देऊ नकोस. रक्त सुधारेल आणि मज्जातंतू बिघडत राहतील. पायांच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवून कंपन कळतं का ते विचार, आणि डोळे मिटून उभं राहायला सांग. रक्त चढवायचीच वेळ आली तर अगदी सावकाश, कारण इतक्या जुन्या अॅनिमियात हृदय जादा भार झेलत नाही. उपचार सुरू झाले की पहिले काही दिवस पोटॅशियम तपासत राहा, नव्या पेशी ते ओढून घेतात. एलडीएच आधी उतरेल, पाचव्या ते आठव्या दिवशी रेटिक उसळी घेईल.

स्लाइड मला पाठव, आणि त्यासोबत लघवीची पट्टी किती वाजता बुडवली तेही लिहून.