ओळ तिरप्या रेघेने तोडावी की दंडाने?

'लेखात कवितेच्या दोन ओळी सलग लिहिताना मधे तिरपी रेघ देतात की दंड? आणि ओळींचा क्रमांक कुठे टाकायचा?'

दोन्ही खुणा दिसायला सारख्या, पण कामं वेगळी. दंड कवितेचाच असतो. तिरपी रेघ आपण घालतो, 'मूळ छापात इथे ओळ संपली' एवढं सांगायला. केशवसुतांची 'तुतारी' घ्या. दोनच ओळी हव्या असतील तर त्या आपल्या वाक्यातच बसवायच्या: कवी 'एक तुतारी द्या मज आणुनि / फुंकिन मी जी स्वप्राणाने' (ओळी १-२) असं मागणं मागतो. रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची. मधे कडवं बदललं तर दोन रेघा. क्रमांक अवतरणचिन्ह मिटल्यावर.

ओळी तीनपेक्षा जास्त झाल्या की रेघांचं कुंपण वाचवत नाही. मग उतारा खाली, समासापासून आत सरकवून:

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने,
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने (ओळी १-४)

इथे अवतरणचिन्हं नकोत, रेघाही नकोत. मांडणीच सगळं सांगते. तीनची मर्यादा इंग्रजी साहित्याच्या एका प्रचलित शैलीतली आहे. काही शैली दोन ओळींनाच खाली उतरवतात. मला तीन सोयीचं वाटतं. मधली अख्खी ओळ गाळली तर तिच्या जागी ओळभर टिंबं द्या, नाहीतर कवीने ती लिहिलीच नव्हती असं वाटेल.

आता ज्ञानेश्वरी: 'ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥' (१.१). हे दंड चरण दाखवतात, छापातली ओळ नव्हे. पुष्कळ प्रतींत ही ओवी दोन ओळींत छापतात, चरण मात्र चार. म्हणून दंड जसेच्या तसे ठेवा, वर रेघ चढवू नका. अशा ग्रंथात ओळी मोजतच नाहीत. अध्याय आणि ओवी सांगतात. प्रतींप्रमाणे ओवीक्रमांक पुढेमागे होतो, तेव्हा कुठली प्रत वापरली ते एकदा लिहा. आणि 'ओळ'ऐवजी 'ओ.' असं संक्षेपाने लिहिण्याचा मोह आवरा. वाचणारा ती ओवी समजेल.

एक चूक मी स्वतः केलेली: मोबाइलवर वाचून ओळी मोजल्या. लांब ओळ अरुंद पडद्यावर मोडून खाली आली होती, ती मी दुसरी ओळ धरली आणि पुढचे सगळे आकडे एकेकाने चुकले. मोडलेल्या ओळीच्या वरच्या तुकड्याला यमक नसतं आणि मात्राही भरत नाहीत, त्यावरून ओळखू येतं. मुक्तछंदात हाही आधार नाही. तिथे छापील पुस्तकच उघडावं लागतं.