म्हणींनी भरलेल्या लोककथेचा सारांश

म्हणींनी भरलेल्या लोककथेचा सारांश कसा लिहायचा, हे पाहायला ‘उंटावरचा शहाणा’ या कथेचंच उदाहरण घ्या. वासराचं तोंड रांजणात अडकतं आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. शहाणा उंटावरून उतरायला तयार नसतो, म्हणून त्याला आत घ्यायला भिंत पाडतात. त्याच्या सांगण्यावरून आधी वासराची मान कापतात, मग डोकं काढायला रांजण फोडतात. शेवटी तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!

आधी म्हणी आणि वाक्प्रचार अधोरेखित करा. मग प्रत्येक काढून पाहा. ‘तोंडचं पाणी पळालं’ काढून ‘मालक घाबरला’ लिहिलं तरी काही बिघडत नाही. ‘तेलही गेलं’ मात्र राहू द्या, पण अर्थ घटनेतच दिसू द्या: ‘वासरू गेलं, रांजणही गेला; तेलही गेलं, तूपही गेलं अशी गत झाली.’ अर्थ सांगायला वेगळा कंस लागत नाही.

नवख्यांची चूक बहुधा इथे होते: भिंत फालतू तपशील समजून गाळतात. मग उरतं ‘एका मूर्खाने वासरू मारलं’ आणि तात्पर्य येतं ‘मूर्खांचं ऐकू नये’. पण कथेचा डंख शहाण्याच्या न उतरण्यात आहे. जवळ जाऊन न पाहता वरून दिलेला सल्ला, आणि तो मुकाट मानणारे लोक. मला तर दोष दोघांचा सारखाच वाटतो. म्हणून उंट आणि भिंत ठेवा, बाकी वर्णन कापा.

सारांश पाच-सहा वाक्यांत बसतो. तो कथा न ऐकलेल्याला वाचायला द्या आणि ‘उंटावरचा शहाणा कोणाला म्हणतात?’ विचारा. उत्तर नुसतं ‘मूर्खाला’ आलं, तर भिंत कुठेतरी गळली आहे.